कोणता ‘ह’, कोणता ‘स’: अम्हारिकमधल्या एका नोकरीच्या अर्जाचा अनुभव

लग्नानंतर मी अदिस अबाबाला राहायला आले त्याला आता बरीच वर्षे झाली. अम्हारिक बोलायला मी स्वयंपाकघरात आणि बाजारात शिकले, वाचायला मुलांच्या पुस्तकांवरून शिकले. परंतु त्या भाषेत औपचारिक पत्र लिहिण्याची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली ती एका स्थानिक संस्थेत हिशेब विभागातली जागा निघाली तेव्हा. जाहिरातीत अर्ज अम्हारिकमध्येच हवा असे स्पष्ट लिहिले होते. मी सव्वा पानाचा अर्ज फोनवर टंकला, छापून घेतला, कागदपत्रे जोडली आणि नेऊन दिला. दोन दिवसांनी तो परत घेऊन जाण्याचा निरोप आला. कारण असे की, निवासपत्रावरचे माझे नाव आणि आधीच्या कामाच्या अनुभवपत्रावरचे माझे नाव वेगवेगळे होते.

नाव दोन्हीकडे सुहासिनी असेच वाचले जात होते. फरक एका अक्षराचा होता. निवासपत्रावर ሱሐሲኒ होते आणि अनुभवपत्रावर ሱሃሲኒ. दोन्हींतले मधले अक्षर ‘हा’ असेच उच्चारतात. अर्जात मी स्वतः तिसऱ्याच प्रकारचा ‘हा’ वापरला होता, हे मला तिथे उभी असताना कळले. तो कागद हाताळणाऱ्या बाईंनी माझ्या पत्रातल्या आणखी काही शब्दांखाली पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. त्या सौम्यपणे म्हणाल्या, “नावाचे तेवढे जुळवून आणा. बाकीचे तुमच्या मर्जीवर आहे, पण वर बसणारे लोक पाहतात.”

अम्हारिक लिपीत, म्हणजे तिथे जिला ‘फिदेल’ म्हणतात तिच्यात, काही अक्षरांच्या मालिका आज अगदी सारख्या उच्चारल्या जातात. ‘ह’ साठी ሀ, ሐ आणि ኀ अशा तीन मालिका आहेत. ‘स’ साठी ሰ आणि ሠ. ‘अ’ साठी አ आणि ዐ. आणि ‘त्स’ या झटक्याने उच्चारायच्या ध्वनीसाठी ጸ आणि ፀ. शिवाय ‘ह’ आणि ‘अ’ यांच्या मालिकांत पहिले आणि चौथे रूप, म्हणजे ሀ आणि ሃ, हीसुद्धा सारखीच ऐकू येतात. ही लिपी मुळात गीझ भाषेची आहे. गीझ आज कोणाची बोली नाही, ती इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासनेची भाषा आहे. त्या भाषेत एके काळी हे सगळे ध्वनी वेगळे होते. अम्हारिकमध्ये ध्वनी एक झाले, अक्षरे मात्र राहिली. मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण ‘विशेष’ या शब्दात आपण श आणि ष एकसारखेच उच्चारतो आणि तरीही कोणता कुठे हे संस्कृतवरून ठरवतो. परंतु आपल्याकडे 1962 चे शुद्धलेखनाचे नियम आहेत आणि शाळेत त्यांवरून गुण कापले जातात. अम्हारिकमध्ये दैनंदिन लिखाणात सर्वांना बांधून ठेवणारा असा नियम चालत नाही. वर्तमानपत्रे, दुकानांच्या पाट्या आणि शाळेची पुस्तके यांत एकच शब्द दोन-तीन प्रकारे दिसतो आणि वाचणाऱ्याचे काही अडत नाही. अडते ते औपचारिक पत्रात, कारण ते पत्र वाचणारा पत्राबरोबर लिहिणाऱ्यालाही पारखत असतो.

घरी आल्यावर मी अर्ज सासऱ्यांपुढे ठेवला. त्यांना आम्ही सगळे अबाबा म्हणतो. लहानपणी ते चर्चच्या शाळेत शिकले, त्यामुळे गीझ त्यांना पाठ आहे. त्यांनी चष्मा लावून पत्र सावकाश वाचले आणि विचारले, “मुली, या पत्रात तुझा ‘स’ कोणता आहे, राजाचा की अग्नीचा?”

ही नावे मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकली. सारखी ऐकू येणारी अक्षरे तोंडाने सांगायची असतील तर प्रत्येकाला त्याच्या एखाद्या शब्दावरून ओळखतात. ሠ हा ‘निगुसू से’, म्हणजे राजाचा स, कारण ንጉሥ (निगुस, राजा) हा शब्द त्याने लिहितात. ሰ हा ‘इसातू से’, म्हणजे अग्नीचा स. ሀ हा ‘हालेताव हा’, हालेलूयाच्या गायनातला. ሐ हा ‘हमेरू हा’. आणि ኀ हा ‘बिझुहानू हा’, म्हणजे ‘अनेक’ या शब्दातला. ጸ प्रार्थनेचा आणि ፀ सूर्याचा. ዐ डोळ्याचा, कारण ዐይን म्हणजे डोळा. टेलिफोनवरून नाव सांगताना किंवा नोंदवहीत लिहून घेताना हीच नावे उपयोगी पडतात.

अबाबांनी माझ्या अर्जात ሥራ (सिरा, काम) हा शब्द मोजला. तो सात वेळा आला होता. चार वेळा राजाच्या ‘स’ने आणि तीन वेळा अग्नीच्या ‘स’ने. मी तसे ठरवून केलेले नव्हते. आवाजाप्रमाणे टंकायच्या कळफलकावर साधा ‘स’ दाबला की ሰ येतो, ሠ साठी आणखी एक ठोका द्यावा लागतो. आणि फोन शब्द सुचवतो तेव्हा तो कधी एक रूप पुढे करतो, कधी दुसरे. या शब्दाच्या बाबतीत जिथे मी फोनने सुचवलेले रूप घेतले तिथे ሥ आला आणि जिथे स्वतः टंकला तिथे ስ. अबाबांचे म्हणणे असे होते की, सगळीकडे ስራ असते तर ‘ही बाई साधे लिहिते’ एवढेच वाचणाऱ्याच्या मनात आले असते. दोन्ही एकत्र दिसले की पत्र परत वाचलेच नाही असे दिसते. हिशेब विभागातल्या जागेसाठी अर्ज करताना तेच सर्वांत घातक, असे मला वाटले.

त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती अशी की, शब्द सुटा पाहायचा नाही, त्याचे कुटुंब पाहायचे. ሥራ मध्ये राजाचा ‘स’ असेल तर ሠራተኛ (सेरातेञा, कर्मचारी) यातही तोच हवा, መሥሪያ ቤት (मेस्रिया बेत, कचेरी) यातही तोच आणि አሠራር (कामाची पद्धत) यातही तोच. तसेच ‘लिहिणे’ या धातूतून ጽሑፍ, ጸሐፊ, መጽሐፍ आणि ጽሕፈት ቤት हे सगळे निघतात, म्हणून त्या प्रत्येकात प्रार्थनेचा ‘त्स’ आणि हमेरू ‘हा’ हवा. एका शब्दाचे ठरले की कुटुंबातल्या पाच-सहा शब्दांचे आपोआप ठरते. माझ्या अर्जात शंका असलेले चाळीसच्या आसपास शब्द होते. कुटुंबे लावल्यावर प्रश्न पंधरा-सोळा उरले.

दुसरी गोष्ट माझ्या अतिउत्साहातून निघाली. राजाचा ‘स’ प्रतिष्ठेचा आहे असे मनात बसल्यावर मी दुसऱ्या मसुद्यात तो जिकडेतिकडे वापरला. ማስረጃ (मास्रेजा, पुरावा किंवा प्रमाणपत्र) हा शब्द मी ማሥረጃ असा लिहिला, ስም (सिम, नाव) हा ሥም असा आणि शेवटचे ‘सादर नमस्कार’ ከሠላምታ ጋር असे. हे पाहून अबाबा पहिल्या मसुद्यापेक्षा जास्त नाराज झाले. त्यांनी समजावले की, ማስረጃ मधला ‘स’ धातूचा नाही. तो ‘करवून घेणे’ दाखवणाऱ्या አስ- या उपसर्गाचा आहे आणि व्याकरणाच्या कामाला येणारा ‘स’ नेहमी अग्नीचाच असतो. አስተዳደር (व्यवस्थापन) मध्येही तेच. त्याचप्रमाणे उपसर्गातला ‘अ’ नेहमी አ, डोळ्याचा ‘अ’ तिथे कधीच येत नाही. जिथे अक्षर धातूचे आहे तिथेच कोणते हा प्रश्न उद्भवतो. हा एक नियम कळल्याबरोबर माझे अर्धे भय गेले. आजही कोणाच्या पत्रात ማሥረጃ दिसले की मला कळते, लिहिणाऱ्याला अक्षर भारदस्त वाटले आहे, पण शब्द उलगडलेला नाही.

उरलेल्या शब्दांत मला अनपेक्षित मदत मिळाली ती माझ्याच मराठीकडून. गीझ आणि अरबी या एका कुळातल्या भाषा आहेत आणि मराठीत फारसीमार्गे आलेले अरबी शब्द पुष्कळ आहेत. मी ज्या जागेसाठी अर्ज करत होते तिचे अम्हारिक नावच ሒሳብ (हिसाब) या शब्दाने सुरू होत होते. तो आपला हिशेबच. देवनागरीत ‘ह’ एकच असल्यामुळे हिशेबावरून अक्षर ठरत नाही. परंतु माझ्या वडिलांनी मला लहानपणी उर्दू लिपी शिकवली होती आणि उर्दूत हिसाब मोठ्या ‘हे’ने लिहितात हे मला आठवत होते. त्या अक्षराशी जुळतो तो हमेरू हा, ሐ. लहान ‘हे’शी जुळतो तो ሀ. आणि जिथे अरबीत ‘ख’ आहे तिथे गीझमध्ये ኀ येतो.

हे अर्जाच्या पहिल्याच ओळीत पडताळून पाहता आले. पत्र ‘मनुष्यबळ व्यवस्थापन प्रमुख’ यांना होते: ለሰው ሀብት አስተዳደር ኃላፊ. यात ‘ह’ दोनदा आहे. ሀብት (हब्त) म्हणजे आज संपत्ती, पण गीझमध्ये देणगी. अरबीत ‘देणे’ या धातूतून आलेला आपल्याकडचा कायद्यातला शब्द म्हणजे हिबा, हिबानाम्यातला. तो लहान ‘हे’ने लिहितात, म्हणून ሀ. ኃላፊ (हालाफी, प्रमुख किंवा जबाबदार व्यक्ती) हा ‘पुढे जाणे’ या गीझ धातूतून येतो आणि त्याचा अरबी भाऊ म्हणजे ज्यातून खलिफा हा शब्द निघाला तो धातू. तिथे ‘ख’, म्हणून ኀ. एका ओळीत दोन वेगळे ‘ह’ आणि दोन्हींचे कारण हातात, याचे मला फार समाधान वाटले. मी अबाबांना हिबा आणि खलिफा समजावले तेव्हा त्यांनी ते शब्द दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतले.

याच मार्गाने एक मोठा सापळाही टळला. ትምህርት (तिम्हिर्त, शिक्षण) आणि तारखेत येणारे ዓመተ ምሕረት (आमेते मिहरेत, कृपेचे वर्ष) यांत ‘म-ह-र’ असाच ध्वनी ऐकू येतो, म्हणून मी दोन्हीकडे एकच ‘ह’ लावला होता. गीझमध्ये हे दोन वेगळे धातू आहेत. ‘शिकवणे’ लहान ‘हे’चे, आपला ‘माहीर’ त्याच घरातला. ‘दया करणे’ मोठ्या ‘हे’चे, तो अरबीतल्या रहम शब्दाचाच अक्षरे अदलाबदल झालेला भाऊ. म्हणून शिक्षणात ህ आणि कृपेत ሕ. शैक्षणिक पात्रतेच्या परिच्छेदात आणि तारखेत हे दोन शब्द हमखास येतात, त्यामुळे अम्हारिक अर्ज लिहिणाऱ्याने निदान ही जोडी तरी वेगळी ओळखावी असे मी आग्रहाने सांगेन.

परंतु अरबीचा हात सगळीकडे धरता येत नाही. ሥልጠና (सिलतेना, प्रशिक्षण) हा शब्द मी अग्नीच्या ‘स’ने लिहिला, कारण त्याच घरातला ሥልጣን (सत्ता, अधिकार) म्हणजे आपला सुलतान आणि सुलतान साध्या ‘सीन’ने लिहितात. अबाबांनी ते खोडून राजाचा ‘स’ केला. गीझ ग्रंथांत तो शब्द ሠ नेच लिहिलेला त्यांना ठाऊक होता. नंतर मी 1987 साली निघालेला वोल्फ लेस्लाव यांचा गीझचा तुलनात्मक कोश एका परिचितांकडे पाहिला; त्यातही तो ሠ चाच आहे. ‘ह’ आणि ‘अ’ यांच्या बाबतीत अरबी बरीच भरवशाची आहे, ‘स’च्या बाबतीत नाही.

शेजारच्या इमारतीत राहणारी माझी एक मैत्रीण तिग्रीन्या बोलते. तिग्रीन्यात ሐ आणि ዐ यांचे घशातले उच्चार आजही जिवंत आहेत. मी तिला शंकेचे शब्द तिच्या भाषेत म्हणायला सांगितले. वर्ष म्हणताना तिच्या घशातून जो आवळलेला ‘अ’ आला तो ऐकल्यावर ዓመት ला डोळ्याचा ‘अ’ का, हे मला पुन्हा विचारावे लागले नाही. मात्र तिच्या भाषेतही ኀ हा ሐ मध्ये मिसळला आहे, त्यामुळे ‘हालाफी’ ती ज्या ‘ह’ने म्हणते त्यावरून कोणी ኃ ऐवजी ሓ लिहील, तिग्रीन्यात तसेच लिहितातही.

एका शब्दाने आम्हाला पूर्ण संध्याकाळ अडकवले. विषयाच्या ओळीनंतर पत्राचे पहिले वाक्य ‘वरील विषयात नमूद केल्याप्रमाणे’ असे असते आणि त्यातला ‘विषय’ किंवा ‘शीर्षक’ म्हणजे रिइस. गीझमध्ये ርእስ म्हणजे डोके, आणि त्याचा अरबी भाऊ आपल्या ‘रईस’ शब्दाच्या मुळाशी आहे. दोन्हीकडे साधा ‘अ’ आहे, डोळ्याचा नाही. म्हणजे व्युत्पत्तीने ርእስ बरोबर. पण मी जमवलेल्या औपचारिक पत्रांच्या नमुन्यांत बहुतेक ठिकाणी ርዕስ असे डोळ्याच्या ‘अ’ने लिहिलेले होते. अबाबा ርእስ वर ठाम होते. माझे पती म्हणाले, “तू ርእስ लिहिलेस तर वाचणाऱ्यांपैकी काहींना तीच चूक वाटेल.” दोघेही बरोबर होते. मी शेवटी ርእስ ठेवला. ज्याला गीझ येते त्याला कारण दिसेल, ज्याला येत नाही तो फार तर क्षणभर थबकेल. आणि बाकीचे सगळे पत्र मुळाप्रमाणे लिहून हा एकच शब्द रूढीप्रमाणे लिहिला असता तर तो मलाच टोचत राहिला असता.

तारीख शेवटी टंकली. महिना ताहसास होता, जो आपल्या डिसेंबरच्या 10 तारखेच्या सुमारास सुरू होतो. या एका लहान शब्दात ‘ह’ साठी तीन पर्याय आणि दोन्ही ‘स’ साठी प्रत्येकी दोन, म्हणजे एकूण 12 लेखने संभवतात आणि सगळी सारखीच वाचली जातात. बरोबर रूप ታኅሣሥ: ‘बिझुहानू’ ह आणि दोन्ही राजाचे ‘स’. महिन्यांच्या नावांत कुटुंब शोधण्यापेक्षा चर्चच्या पंचांगातून उतरवून घेणे सोपे, असा माझा अनुभव आहे.

मसुदा पक्का झाल्यावर तपासणीची एक यांत्रिक रीत मला सापडली आणि ती मी तेव्हापासून प्रत्येक पत्रासाठी वापरते. संगणकाला ही अक्षरे सारखी वाटत नाहीत. ሰ चा क्रमांक U+1230 आहे आणि ሠ चा U+1220, आणि शोध घेताना संगणक एकाच्या जागी दुसरे धरत नाही. वाचणाऱ्याला जे दिसत नाही ते यामुळे पकडता येते. मी मजकुरात मुद्दाम चुकीचे रूप शोधते. ስራ शोधले आणि एकही सापडले नाही, म्हणजे सगळीकडे ሥራ आहे. मग ሰራ शोधते, कारण कुटुंबातल्या शब्दांत स्वर बदलतो. अशा दहा-बारा शोधांत पत्र एकसारखे होते. संस्थेचे स्वतःचे नाव मात्र मी यातून वगळते. या संस्थेच्या जाहिरातीत मथळ्यात ሥራ होते आणि खाली मजकुरात ስራ, ते त्यांचे त्यांच्यापाशी. परंतु त्यांचे नाव त्यांच्या शिक्क्यावर ज्या अक्षरांनी आहे त्याच अक्षरांनी मी लिहिले, जरी त्यातला एक ‘ह’ अबाबांना मान्य नव्हता.

उरले माझे नाव. सुहासिनी हा शब्द गीझ नाही, त्यामुळे त्यात बरोबर ‘ह’ कोणता याला काही अर्थच नाही. अबाबांना ሀ आवडला असता, कारण संस्कृतमधला ‘हास’ घशातला नाही, असे मीच त्यांना सांगितले होते. पण निवासपत्रावर ज्या कारकुनाने ሐ लिहिला त्याने माझे नाव कायमचे ठरवून टाकले होते. नाव व्युत्पत्तीवर चालत नाही, कागदावर चालते. इथिओपियातल्या लोकांनाही हे भोगावे लागते. आडनाव नसल्यामुळे स्वतःचे, वडिलांचे आणि आजोबांचे अशी तीन नावे एकामागे एक येतात आणि तिन्हींत एखादे सारखे ऐकू येणारे अक्षर असले तर पदवीपत्र, ओळखपत्र आणि बँकेचे पुस्तक यांची रूपे जुळवताना वर्षे जातात. मी आधीच्या कचेरीत जाऊन अनुभवपत्र पुन्हा मागितले. तिथल्या माणसाला फरक दिसेना. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षरावर बोट ठेवले तेव्हा त्याने नवे पत्र टंकून दिले. त्याला चार दिवस लागले आणि मुदतीला एक दिवस उरला.

शेवटच्या दिवशी मी अर्ज पुन्हा नेऊन दिला. त्याच बाई होत्या. त्यांनी निवासपत्र, अनुभवपत्र आणि अर्ज एकाखाली एक ठेवून तिन्हींवरचे नाव बोटाने वाचले, पहिल्या ओळीतल्या ሀብት आणि ኃላፊ वर त्यांची नजर थोडी थांबली, आणि मग त्यांनी नोंदवही उघडली. सुहासिनी लिहिताना त्या मध्येच थांबल्या आणि मान वर न करता त्यांनी विचारले, “हालेताव?”

“नाही,” मी म्हणाले, “हमेरू.”